पाच जणांचा सपोर्ट गट: स्क्रमकडून कानबानकडे जाताना काय सुटले आणि काय परत आणावे लागले

पार्श्वभूमी

पुण्यातील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीच्या सपोर्ट गटाचे हे प्रकरण आहे. कंपनी नागरी आणि ग्रामीण पतसंस्थांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर बनवते, आणि सव्वाशेच्या आसपास संस्था ते वापरतात. या गटाचा प्रमुख मीच होतो. त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्यांतील बऱ्याचशा माझ्या आहेत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

गट पाच जणांचा होता. दोघी जणी मुख्यतः फोन आणि ईमेल घेत, एक जण डेटाबेसमधली दुरुस्ती करी, एक जण प्रोग्राममधल्या चुका सुधारी, आणि मी वाटप, पाठपुरावा व उरलेसुरले काम पाहत असे. पतसंस्थांचे काम शनिवारीही चालते, म्हणून आमचाही आठवडा सहा दिवसांचा होता.

येणाऱ्या विनंत्या कशा असत हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. सकाळी दहाला एखाद्या शाखेतून फोन येई की कालची दिवसअखेर अर्धवट राहिली आहे आणि आजचा दिवस उघडत नाही. त्यापाठोपाठ दुसऱ्या संस्थेची तक्रार येई की पासबुकाची छपाई दोन ओळी खाली सरकते. दुपारी पिग्मी एजंटाच्या मशीनमधली वसुली दोनदा चढलेली निघे. संध्याकाळी एखाद्या लेखापरीक्षकाला थकबाकीची यादी वेगळ्या रकान्यांत हवी असे, आणि तीही उद्या सकाळी. कोणत्या दिवशी काय येईल हे सांगता येत नसे. मात्र वर्षातील काही काळ जड जाणार हे ठाऊक असे: मार्चअखेर, त्यानंतरचे लेखापरीक्षण, आणि 30 सप्टेंबरपर्यंतच्या वार्षिक सभांच्या आधीची लाभांशाची धांदल.

अडचण

कंपनीतला विकास विभाग स्क्रम पद्धतीने, म्हणजे ठरावीक छोट्या कालखंडांचे नियोजन करून काम करत होता आणि त्यांचे बरे चालले होते. जूनमध्ये व्यवस्थापनाने ठरवले की सपोर्टनेही तेच करावे, म्हणजे दोन्ही विभागांचे अहवाल एका साच्यात येतील. आम्हालाही शिस्त हवीच होती, म्हणून कोणी विरोध केला नाही. दोन आठवड्यांचे असे कालखंड, म्हणजे स्प्रिंट, सुरू झाले. सोमवारी नियोजन, रोज सकाळी पंधरा मिनिटांची उभी बैठक, शेवटी आढावा आणि मागे वळून पाहण्याची बैठक म्हणजे मागोवा, सगळे रीतसर चालले होते.

जून ते ऑगस्ट या काळात असे सहा स्प्रिंट झाले. प्रत्येकात आम्ही सुमारे वीस कामे ठरवत होतो. सहा स्प्रिंटमध्ये ठरवलेल्या 120 कामांपैकी त्या त्या स्प्रिंटमध्ये 49 पूर्ण झाली. या काळात गट बसून होता असे अजिबात नाही, रोज संध्याकाळी सगळे थकलेले असत. पण दिवसभर केलेले बहुतेक काम सोमवारच्या यादीत नसलेलेच असे, आणि अहवालाचा आलेख फक्त यादीतले काम मोजत असे. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी आढाव्यात आम्ही नापास ठरत होतो, आणि पुढच्या सोमवारी तीच कामे नव्या यादीत पुन्हा लिहीत होतो.

स्क्रमच्या बाजूने इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्या अधिकृत मार्गदर्शिकेत स्प्रिंटमधली कामांची यादी दगडावरची रेघ मानलेली नाही. स्प्रिंटच्या ध्येयाला धक्का लागेल असा बदल करू नये, एवढेच तिचे म्हणणे आहे, आणि कामाची व्याप्ती मधल्या काळात पुन्हा ठरवता येते. आमची खरी अडचण ही होती की आमच्याकडे ध्येयच नव्हते. सव्वाशे संस्थांच्या एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तक्रारींना एक ध्येय कसे देणार? आम्ही प्रत्येक स्प्रिंटच्या माथ्यावर ‘वीस तिकिटे बंद करणे’ असे लिहीत होतो. ते ध्येय नव्हते, नुसती संख्या होती. ध्येयच नसल्याने कोणता बदल घ्यावा आणि कोणता नाकारावा हे ठरवायला काही आधार उरत नव्हता, आणि जो फोन करी त्याचे काम आधी होई.

या पद्धतीखाली काय घडत होते ते एका कामावरून दाखवतो. पिग्मीची वसुली दोनदा चढण्याचा दोष जुना होता. गावात नेटवर्क गेले की एजंटाचे मशीन ‘पाठवले’ असा निरोप मिळण्याची वाट पाहून तीच फाइल पुन्हा पाठवी, आणि आमचा प्रोग्राम ती नवी समजून जमा करी. मग शाखेतून फोन येई, डेटाबेस सांभाळणारा सहकारी जादा नोंदी शोधून उलट नोंद करी, आणि खात्यांच्या शिलका जुळवून देई. यात पाऊण ते दीड तास जाई. कायमचा उपाय सगळ्यांना माहीत होता: एजंटाचा क्रमांक, पावतीचा क्रमांक आणि तारीख या तिन्ही गोष्टी आधीच नोंदलेल्या असतील तर ती ओळ पुन्हा घ्यायची नाही. हे काम पहिल्याच स्प्रिंटच्या यादीत होते. सलग चार स्प्रिंट ते पुढे ढकलले गेले, कारण ते ज्याने करायचे तो प्रत्येक वेळी कुठल्या तरी शाखेचा दिवस उघडण्यात गुंतलेला असे. त्याच वेळी शेजारी बसलेला सहकारी त्याच दोषाने झालेल्या दुबार नोंदी हाताने काढत होता.

आधी मोजणी

ऑगस्टच्या अखेरच्या आढाव्यात पद्धत बदलायची भाषा सुरू झाली. विकास विभागाच्या प्रमुखांचे म्हणणे होते की आम्ही स्क्रम नीट पाळत नाही. आमच्यातल्या ज्येष्ठ सहकारी बाई म्हणाल्या, “सर, फोन वाजला की नियोजन संपतं. फोन बंद ठेवायचा असेल तर तसं सांगा.” दोघांचेही खरे होते, आणि म्हणूनच नुसत्या चर्चेतून काही निघणार नव्हते. आम्ही जुलै-ऑगस्टमधील आठ आठवड्यांची, म्हणजे कामाच्या 48 दिवसांची तिकीट-वही काढून मोजणी केली. दोन संध्याकाळी बसून केलेले हे काम पुढच्या सगळ्या निर्णयांचा आधार ठरले.

त्या काळात 432 विनंत्या आल्या होत्या. सरासरी रोज नऊ, पण सरासरी फसवी होती: सर्वांत हलक्या दिवशी तीन आल्या होत्या, तर सर्वांत जड दिवशी तेवीस. यांतील 251 विनंत्या तासाभराच्या आत, बहुधा फोनवरच, मिटल्या होत्या. उरलेल्या 181 ना खरे काम लागले होते, म्हणजे रोज सरासरी 3.8. मोजणीच्या शेवटच्या दिवशी असे खरे काम लागणारी 57 तिकिटे उघडी होती. त्यांपैकी 26 वर ‘चालू’ असा शेरा होता, आणि त्यांतली 11 एकट्या डेटाबेसवाल्या सहकाऱ्याच्या नावावर होती.

इथे लिटलचा नियम कामी आला. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये त्याची सिद्धता दिली. रांगेतील सरासरी कामांची संख्या ही रोज पूर्ण होणाऱ्या कामांची सरासरी गुणिले काम आल्यापासून संपेपर्यंत जाणारा सरासरी वेळ एवढी असते. रोज जेवढी कामे येत होती जवळपास तेवढीच आम्ही संपवत होतो, म्हणून 57 ला 3.8 ने भागले. उत्तर आले पंधरा दिवस. एखाद्या संस्थेने आज विनंती दिली तर ती सरासरीने कामाच्या पंधरा दिवसांनी पूर्ण होणार होती, मग आम्ही कितीही धावपळ केली तरी. हा नियम सरासरीचा आहे आणि आवक-जावक साधारण स्थिर असेल तेव्हाच लागू पडतो. मार्चअखेरीला तो वापरणे चुकीचे ठरेल. पण आम्हाला हवी ती दिशा त्यातून मिळाली. माणसे वाढवता येत नव्हती, म्हणजे रोजचे 3.8 फारसे वाढणार नव्हते. मग वेळ कमी करायचा तर उघड्या कामांची संख्याच कमी करायला हवी होती.

वेळ आणखी एका ठिकाणी जात होता. नियोजन, बॅकलॉगची म्हणजे शिल्लक कामांच्या यादीची छाननी, आढावा, मागोवा आणि रोजची बैठक मिळून दर स्प्रिंटला प्रत्येकाचे सव्वाआठ तास जात होते. पाच जणांचे एक्केचाळीस तास, म्हणजे जवळपास एका माणसाचा एक आठवडा. मला मात्र बैठकांपेक्षा स्टोरी पॉइंट, म्हणजे काम किती मोठे याच्या अंदाजाचे गुण, लावण्यात गेलेला वेळ जास्त खटकला. ज्या कामांपैकी निम्म्याहून अधिक त्या स्प्रिंटमध्ये होणारच नव्हती, त्यांचा अंदाज आम्ही मन लावून बांधत होतो.

हा अनुभव आमच्या एकट्याचा नव्हता. ज्या कानबान पद्धतीकडे आम्ही पुढे वळलो तिचे नाव टोयोटाच्या कारखान्यातून आले आहे. तिथे तैइची ओनो यांनी पुढच्या टप्प्याने मागितल्याशिवाय मागच्या टप्प्याने माल बनवू नये यासाठी कार्डांची पद्धत बसवली. सॉफ्टवेअरमध्ये ती वळवणाऱ्या डेव्हिड अँडरसन यांच्या सुरुवातीच्या उदाहरणांत मायक्रोसॉफ्टचा एक देखभाल गट होता. 2004-05 च्या सुमारास त्याचे काम हैदराबादहून चालत असे. त्या गटाची सुमारे एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक शक्ती येणाऱ्या प्रत्येक मागणीचा अंदाज बांधण्यात जात होती. अंदाज बांधणे थांबवून रांगेला मर्यादा घातल्यावर कामाचा कालावधी महिन्यांवरून आठवड्यांवर आला. आमच्यासारखाच हा छोटा देखभाल गट होता, म्हणून हे उदाहरण मला इतर कोणत्याही मोठ्या यशोगाथेपेक्षा जवळचे वाटले.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय स्प्रिंट एका आठवड्याचा करण्याचा होता. ज्या गटाचे काम तीन-चार दिवस तरी स्थिर राहते त्याला तो लाभतो. आमच्या मोजणीत सोमवारी ठरवलेली यादी सर्वसाधारणपणे बुधवारपर्यंतच मोडलेली दिसत होती, म्हणून तो लगेच बाजूला पडला.

दुसरा पर्याय असा होता की स्क्रम ठेवावे, पण साठ टक्के वेळ अनपेक्षित कामांसाठी मोकळा सोडून चाळीस टक्क्यांचेच नियोजन करावे. तो आम्ही गांभीर्याने तपासला, कारण व्यवस्थापनाला तो सहज पटला असता. त्यातली अडचण मोजणीतच होती. ज्या आठवड्यात रोज चार विनंत्या येतात त्यात साठ टक्के राखीव वेळ जास्त होतो, आणि ज्यात पंधरा येतात त्यात तो अपुरा पडतो. दिवसाला तीन ते तेवीस अशी तफावत असताना एका आकड्याचा राखीव वेळ बहुतेक आठवड्यांत चुकणार होता.

तिसरा पर्याय गटाचे दोन भाग करण्याचा होता. दोघांनी रोजच्या विनंत्या घ्यायच्या आणि तिघांनी स्क्रमने मुळातले दोष काढायचे. दहा-बारा जणांच्या गटात मी हाच निवडला असता. पाच जणांत डेटाबेस जाणणारा एकच होता, आणि तो कोणत्याही भागात बसवला तरी दुसरा भाग त्याच्यावाचून अडला असता.

चौथा पर्याय कानबानचा. यात स्प्रिंट नाही आणि पंधरा दिवसांची यादीही नाही. काम बोर्डावर दिसते, प्रत्येक टप्प्यावर एका वेळी किती कार्डे असावीत याला मर्यादा असते, आणि जागा मोकळी झाली की पुढचे काम ओढून घेतात. आमच्या दृष्टीने मुख्य फरक शब्द कशाचा द्यायचा यात होता. स्क्रममध्ये आम्ही ‘या पंधरवड्यात ही वीस कामे’ असा शब्द देत होतो, आणि आमच्या आवकेवर तो पाळणे शक्य नव्हते. कानबानमध्ये ‘तुमचे काम हाती घेतल्यापासून बहुधा इतक्या दिवसांत’ एवढाच शब्द द्यायचा होता, आणि तो आमच्याच नोंदींवरून काढता येणार होता.

निर्णय कानबानच्या बाजूने झाला. मागोव्याची पाक्षिक बैठक मात्र ठेवली. तिच्यातून खरे काही निघत होते आणि ती स्प्रिंटवर अवलंबून नव्हती. सप्टेंबरमध्ये लाभांशाची कामे अंगावर होती, म्हणून बदल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात केला. ही एक महिन्याची कळ काढली ते बरे झाले, असे आजही वाटते.

काय केले

पहिल्या दिवशी आम्ही 57 उघडी तिकिटे एकेक करून वाचली आणि संस्थांना फोन केले. त्यांतील 19 कामांची गरजच उरली नव्हती: काहींची लेखापरीक्षणे होऊन गेली होती, काही तक्रारी दुसऱ्या नावाने आधीच सुटल्या होत्या, आणि दोन संस्थांनी ‘आम्ही मागितले होते का?’ असे आम्हालाच विचारले. राहिलेली 38 बोर्डावर गेली.

बोर्डाचे रकाने साधे होते: ‘आलेले’, ‘पुढचे’, ‘काम चालू’, ‘तपासणी’, ‘झाले’. तासाभरात मिटणाऱ्या विनंतीचे कार्ड करायचे नाही, फक्त वहीत नोंद करायची असे ठरले. नाहीतर बोर्ड दुपारपर्यंत भरून जाई. मात्र फोनवर तासभर गेला आणि काम संपले नाही, तर ते थांबवून कार्ड करायचेच, हा नियम होता. शिवाय फोनची पाळी लावली. दररोज एकच जण फोन घेई, आणि त्याच्यावर ताण आला तरच दुसऱ्याने हात द्यायचा. दर फोनला पाचही माना वर होण्याचे जे चालले होते, ते यामुळे थांबले.

‘काम चालू’ची मर्यादा किती ठेवावी यावर सर्वांत जास्त खल झाला. तोपर्यंत 26 कामे ‘चालू’ असल्यामुळे दहाची मर्यादासुद्धा काहींना जुलूम वाटत होती. फोनच्या पाळीवरचा एक जण सोडला तर चार माणसे उरतात. त्यांना प्रत्येकी एक काम आणि कुठे उत्तराची वाट पाहावी लागली तर म्हणून दोन जागा, असे करून आम्ही सहा ठरवले. ‘तपासणी’ला तीन. दुसऱ्याच दिवशी दुपारी सहा जागा भरलेल्या होत्या आणि एक सहकारी मोकळा होता. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, “सर, नवीन घेऊ की नको?” आधीच्या सवयीने मी ‘घे’ म्हणणार होतो. त्याऐवजी आम्ही बोर्डासमोर उभे राहिलो, तेव्हा दिसले की सहापैकी तीन कार्डे डेटा दुरुस्तीसाठी एकाच माणसापाशी अडली आहेत. मोकळा सहकारी त्याच्या शेजारी जाऊन बसला आणि शिलका जुळवण्याचे काम शिकू लागला. मर्यादा नसती तर त्याने सातवे काम उघडले असते, आणि गाठ कुठे पडली आहे हे महिनाभर कळले नसते.

पहिल्या दोन महिन्यांत जे बिघडले

तीन गोष्टी बिघडल्या.

पहिली तातडीच्या पट्टीची. बोर्डाच्या वरच्या बाजूला आम्ही एक आडवी पट्टी ठेवली होती, ज्यातले कार्ड मर्यादा मोडून पुढे जाऊ शकत होते. तिच्यावर नुसते ‘तातडीचे’ असे लिहिले होते. पहिल्या दोन आठवड्यांत तिथे 31 कार्डे गेली. साहजिकच होते. फोन करणाऱ्या प्रत्येक शाखाधिकाऱ्याचे काम त्याच्या लेखी तातडीचेच असते, आणि “मॅडम, काउंटरवर माणसं उभी आहेत” हे वाक्य ऐकल्यावर नाही म्हणणे कठीण असते. त्यावर आम्ही शब्दच बदलला. आता पट्टीवर एक प्रश्न लिहिला आहे: ‘काउंटर बंद आहे का?’ दिवस उघडत नसेल, किंवा रोख घेता-देता येत नसेल, तरच उत्तर ‘हो’. पासबुक सरकणे, अहवाल न निघणे, अध्यक्षांनी मागितलेली यादी, यांना ‘नाही’. शिवाय त्या पट्टीत एका वेळी एकच कार्ड. त्यानंतर आठवड्याला सरासरी दोन कार्डे तिथे येऊ लागली.

दुसरी गोष्ट आमच्या नकळत घडली. संस्थेकडून माहिती यायची असेल तर कार्ड ‘काम चालू’मध्ये अडून राही, म्हणून आम्ही ‘संस्थेच्या उत्तराची वाट’ असा रकाना केला आणि त्याला मर्यादा ठेवली नाही. महिन्याभरात तिथे 17 कार्डे साचली. नको असलेले, किचकट किंवा कंटाळवाणे काम एखादा प्रश्न विचारून त्या रकान्यात सरकवले की जागा मोकळी होई. कोणी मुद्दाम करत होते असे नाही, पण वाट तशीच पडली होती. मर्यादा घातल्यावर दबाव सर्वांत सैल जागी सरकतो, हे आम्ही आधी ओळखायला हवे होते. उपाय असा केला की त्या रकान्यालाही पाचची मर्यादा घातली, प्रत्येक कार्डावर प्रश्न विचारल्याची तारीख लिहिली, आणि तीन दिवसांत उत्तर नाही आले तर फोन, सहाव्या दिवशी संस्थेला कळवून कार्ड बंद, असा क्रम ठरवला.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची होती, आणि ती माझ्या लक्षात उशिरा आली. नोव्हेंबरच्या अखेरीस मागोव्यात कोणीतरी विचारले की पिग्मीच्या दुबार नोंदीचे कार्ड कुठे आहे. ते ‘आलेले’च्या रकान्यात तळाशी होते. दोन महिन्यांत त्याला कोणी हात लावला नव्हता. स्प्रिंटमध्ये ते निदान दर पंधरा दिवसांनी नजरेसमोर येई, त्याच्यावर बोलणे होई आणि अपूर्ण राहिल्याची लाज वाटे. कानबानमध्ये मागून रोज नवी, कोणाच्या तरी नावाची कामे येत होती, आणि कायमच्या उपायासाठी फोन करणारा कोणीच नव्हता. प्रवाह सुधारला होता, पण ज्या दोषामुळे कामे येत होती तो जिथल्या तिथे होता. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दुबार नोंदींच्या 14 विनंत्या आल्या होत्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही जवळपास तितक्याच आल्या.

दोन मार्ग दिसत होते. एक, अशा कार्डांना वरचा क्रम द्यायचा. तो आम्ही नाकारला, कारण क्रम रोज सकाळी बदलतो आणि फोनचा आवाज नेहमी जिंकतो. दुसरा मार्ग असा की ‘काम चालू’च्या सहा जागांपैकी एक जागा फक्त मूळ दोष काढण्यासाठी राखून ठेवायची. ती रिकामी असली तरी रोजची विनंती तिथे घालायची नाही. आम्ही हा घेतला. त्या जागेवरचा माणूस दोन आठवड्यांनी बदलतो, त्या काळात त्याला फोनची पाळी नसते, आणि पंधरवड्याच्या मागोव्यात त्याला एक ठरलेले ध्येय मिळते. वाचकाच्या लक्षात आले असेल की हा एका माणसाचा छोटा स्प्रिंटच आहे. त्याला ते नाव द्यायला मी सुरुवातीला कचरत होतो, कारण स्क्रम सोडल्याचा गाजावाजा मीच केला होता.

पिग्मीचा दोष या राखीव जागेवर डिसेंबरमध्ये नऊ दिवसांत सुटला. त्यातले चार दिवस जुन्या डेटातले अपवाद तपासण्यात गेले. काही एजंटांची मशीन महिन्याच्या सुरुवातीला पावती क्रमांक पुन्हा एकपासून चालू करत, आणि तारीख धरली नसती तर खऱ्या पावत्याही नाकारल्या गेल्या असत्या. पुढच्या दोन महिन्यांत दुबार नोंदीची एकच विनंती आली.

परिणाम

फेब्रुवारीत पुन्हा मोजणी केली. उघडी कामे 57 वरून 21 वर आली होती. रोज पूर्ण होणारी कामे चारच्या आसपास होती, म्हणजे आमचा वेग फारसा वाढला नव्हता, आणि तो वाढेल अशी अपेक्षाही नव्हती. सरासरी कालावधी मात्र पंधरा दिवसांवरून सव्वापाच दिवसांवर आला. संस्थांना आम्ही सरासरी सांगत नाही, कारण सरासरीवर अर्ध्या लोकांचा विश्वास बसत नाही. नोंदी चढत्या क्रमाने लावल्यावर शंभरातील पंच्याऐंशी कामे नऊ दिवसांच्या आत पूर्ण झालेली दिसली. म्हणून आता फोनवर सांगितले जाते, “बहुतेक नऊ दिवसांत होईल, लांबणार असेल तर आम्हीच कळवू.” ‘माझ्या कामाचं काय झालं?’ असे विचारणारे फोन कमी झाले. त्यांची आधी मोजणी केली नव्हती, म्हणून किती ते सांगत नाही.

व्यवस्थापनाचा एक आक्षेप शेवटपर्यंत राहिला. त्यांना पंधरवड्याच्या अखेरीस ‘ठरवले किती, झाले किती’ असा आकडा हवा होता, आणि आमच्याकडे तो नव्हता. आम्ही त्याऐवजी उघड्या कामांचे वय दाखवू लागलो: नऊ दिवसांपेक्षा जुनी कार्डे किती आणि का. दोन-तीन महिन्यांनी तेच जास्त उपयोगी आहे हे त्यांनी मान्य केले, पण विकास विभागाशी तुलना करता येत नाही ही त्यांची खंत आहेच.

मार्चअखेरीला कसोटी लागली. 15 मार्चपासून राखीव जागा तात्पुरती बंद करून सहाही जागा रोजच्या कामाला दिल्या. हे आधीच ठरलेले होते आणि योग्य होते. 26 मार्चला मात्र विक्री विभागाच्या आग्रहाने मी ‘काम चालू’ची मर्यादा बारा केली. चारच दिवसांत बाराही जागा भरल्या, पूर्ण होणारी कामे होती तेवढीच राहिली, आणि तीन संस्थांची व्याज तरतुदीची कामे अर्धवट उघडी पडली. 30 तारखेला मर्यादा पुन्हा सहा केली.

वेगळे काय करता आले असते

मोजणी जूनमध्येच करायला हवी होती. दोन संध्याकाळींचे काम होते, आणि रोज तीन ते तेवीस हा एक आकडा समोर असता तरी पंधरा दिवसांच्या यादीचा आग्रह कोणी धरला नसता. तिमाही वाया गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे मन लावून काम करणाऱ्या माणसांना सहा वेळा नापास झाल्यासारखे वाटले.

राखीव जागा पहिल्या दिवसापासून असायला हवी होती. स्क्रम सोडताना आम्ही त्याच्या गैरसोयींची यादी केली होती. ते कशाचे रक्षण करत होते याची यादी केली नव्हती. ती केली असती तर पिग्मीचे कार्ड आणखी दोन महिने पडून राहिले नसते.

आवक कमी चढउताराची असती, किंवा गट सपोर्टसोबत नवी वैशिष्ट्येही बनवत असता, तर मी दुसऱ्या पर्यायातील राखीव वेळासह स्क्रम आधी करून पाहिले असते. तसेच गट आठ-नऊ जणांचा झाला तर गट विभागण्याचा तिसरा पर्याय पुन्हा उघडावा लागेल.

डेटाबेसवाल्या सहकाऱ्याचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. ऑक्टोबरात त्याच्या शेजारी जाऊन बसलेला सहकारी आता शिलका जुळवणे आणि उलट नोंदी एकट्याने करतो, पण व्याजाच्या फेरगणनेची कामे अजूनही एकाच माणसाकडे जातात. त्याने मे महिन्यात दहा दिवसांची रजा मागितली आहे, आणि त्याआधी बोर्डाची राखीव जागा चार आठवडे याच शिकवणीसाठी द्यायची असे आम्ही मागच्या मागोव्यात ठरवले आहे.